इंग्रजी पत्रलेखन : योग्य अव्यय निवडा

इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते आणि ते कोणते असावे हे पुष्कळदा आधीचे क्रियापद ठरवते. पेढीच्या पत्रांतील ही तीन वाक्ये उत्तर झाकून सोडवावीत.

१. ‘वी डील ___ कॉटन यार्न.’ (सुताचा व्यापार करतो.)
(अ) विथ (आ) इन (इ) ऑन

उत्तर (आ). मालाचा व्यापार म्हणजे ‘डील इन’. माणसाशी वा पेढीशी व्यवहार म्हणजे ‘डील विथ’. म्हणून ‘वी डील विथ टू मिल्स’ बरोबर. सुतापुढे ‘विथ’ घातल्यास आपण सूत विकतो हे परगावच्या ग्राहकास कळणार नाही; सुताविषयीची काही अडचण हाताळतो, असे त्यास वाटेल.

२. ‘वी ॲग्री ___ युअर टर्म्स.’ (अटी स्वीकारल्या.)
(अ) टू (आ) विथ (इ) ऑन

उत्तर (अ). समोरच्याने मांडलेली अट स्वीकारणे म्हणजे ‘ॲग्री टू’. त्याने ३० दिवसांत रक्कम मागितली असेल, तर या वाक्याने आपण ती मुदत मान्य केली. नुसते मत पटले तर ‘विथ’. दोघांनी बोलून भाव ठरवला तर ‘ऑन’.

३. ‘वी ऑर्डर्ड ___ फिफ्टी बॅग्ज.’
(अ) फॉर (आ) ऑफ (इ) काहीच नको

उत्तर (इ). येथे ‘ऑर्डर’ क्रियापद आहे. त्यास थेट कर्म लागते. ‘प्लेस्ड ॲन ऑर्डर फॉर’मध्ये ते नाम असते. तेथला ‘फॉर’ इकडे घसरतो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेक वर्षे लिहिला.