विश्लेषण : ‘एआय’ला पैठणीचा काठ का जमत नाही? जोड न दिसणारी नक्षी नेमकी कशी तयार होते?

मिठाईचे बॉक्स, लग्नपत्रिका, भेटवस्तूंच्या पिशव्या, कुर्त्यांचे कापड अशा अनेक ठिकाणी पैठणीच्या काठाची नक्षी छापलेली दिसते. ही नक्षी आता एआय साधनांना चार ओळींची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, देऊन काही सेकंदांत मिळते. मोबाइलच्या पडद्यावर ती देखणी दिसते. मात्र छपाईसाठी एकापुढे एक मांडली की कुठे मोराची मान तुटते, तर कुठे दर चार सेंटिमीटरवर एक उभी रेघ उमटते. हजार बॉक्स छापून झाल्यावर ही रेघ लक्षात आली, तर सगळा माल रद्दीत जातो.

जोड न दिसणारी टाइल म्हणजे काय?

फरशीवरची नक्षी आठवा. एका फरशीच्या उजव्या कडेला अर्धे फूल असते आणि शेजारच्या फरशीच्या डाव्या कडेला त्याचा उरलेला अर्धा भाग. कापड आणि पॅकेजिंगच्या छपाईतही असाच एक चौकोन पुन्हा पुन्हा ठेवला जातो. त्याच्या समोरासमोरच्या कडा तंतोतंत जुळल्या, तरच जोड दिसत नाही.

एआय साधन साधे चित्र काढते तेव्हा चौकटीच्या पलीकडे काही आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून कडेशी नक्षी मनमानी संपते. ‘टाइल’चा पर्याय सुरू केला की, निदान स्टेबल डिफ्युजनसारख्या खुल्या साधनांत, गणित बदलते. उजव्या कडेचा ठिपका ठरवताना साधन डाव्या कडेचे ठिपकेही शेजारी असल्याप्रमाणे विचारात घेते. कागद गुंडाळून नळी करावी, तसे हे आहे. वरची आणि खालची कडही अशीच जोडली जाते, त्यामुळे नळीचीही कडी होते. मिडजर्नीमध्ये यासाठी प्रॉम्प्टच्या शेवटी `--tile` लिहितात.

मग काठाचे घोडे कुठे अडते?

या कडीतच. साडीचे अंग चारही दिशांना पसरते, तिथे बुट्ट्यांसाठी `--tile` उत्तम चालते. काठ मात्र फक्त लांबीच्या दिशेने पुन्हा पुन्हा येतो. त्याला बाहेरची बाजू असते आणि अंगाकडची बाजू असते. या दोन बाजू एकमेकींना जुळायच्याच नसतात. `--tile` त्या जबरदस्तीने जुळवते. मग काठाच्या जागी काठांचा गठ्ठा मिळतो, एकावर एक रचलेला. स्टेबल डिफ्युजनमध्ये फक्त आडव्या दिशेने जुळवणी करणारी जोडसाधने मिळतात. पण बहुतेक जण वापरतात त्या मोबाइल ॲपमध्ये ही सोय नसते.

दुसरी अडचण शब्दांची. प्रॉम्प्टमध्ये ‘पैठणी बॉर्डर’ लिहिले, की बऱ्याचदा घडी घातलेल्या साडीचे छायाचित्र मिळते किंवा बनारसी वेलीसारखी कुठलीही सोनेरी नक्षी. साधनाने पैठणी विणताना पाहिलेली नाही, तिचे फोटो तेवढे पाहिले आहेत. म्हणून साडीचे नाव टाळून आकाराचे वर्णन करणे हिताचे. शिवाय पूर्ण काठ न मागता एकच आकृती मागावी. नारळी काठातली निमुळती, नारळासारखी आकृती हवी असेल, तर प्रॉम्प्ट साधारण असा :

```
one coconut-shaped woven motif, centered, front view,
left-right symmetrical, stepped edges,
flat gold on plain maroon --ar 1:1
--no shadow, folds, gradient, person
```

‘सपाट सोनेरी’ हा आग्रह छपाईसाठी आहे. पडद्यावर चमकणारी जर चार रंगांच्या छपाईत मातकट पिवळी होते. खरी चमक हवी तर सोनेरी फॉइल किंवा धातूच्या शाईचा वेगळा साचा करावा लागतो आणि त्याला छटा चालत नाहीत. एकाच रंगाचा स्वच्छ आकार लागतो.

प्रत्यक्षात पट्टी कशी बनवायची?

मिठाईच्या बॉक्सचे उदाहरण घेऊ. झाकण 24 बाय 16 सेंटिमीटरचे आहे आणि त्याच्या चारही बाजूंवरून नारळी काठ फिरवायचा आहे. घेर झाला 80 सेंटिमीटर. आकृती 5 सेंटिमीटर रुंद ठेवली तर घेरात 16 वेळा नेमकी बसते, पण 24 ला 5 ने भाग जात नाही. म्हणजे कोपऱ्यावर नारळ दुमडणार. 4 सेंटिमीटर घेतली तर लांब बाजूला 6 आणि आखूड बाजूला 4 आकृत्या बसतात, कोपरे स्वच्छ राहतात. योगायोगाने हेच माप कापडालाही चालते. रोटरी छपाईतील प्रचलित जाळीदार नळीचा घेर 64 सेंटिमीटर असतो, त्यात 4 सेंटिमीटरची आकृती 16 वेळा बसते.

आता मिळालेले 1024 पिक्सेलचे चित्र बरोबर मध्यावर उभे कापा. उजवा अर्धा टाकून द्या आणि डाव्याची आरशातली प्रत तिथे लावा. एआयची ‘सममिती’ डोळ्यांना पटते, पण मोजली तर एका बाजूला सात पाकळ्या आणि दुसऱ्या बाजूला आठ निघतात. आरशाच्या युक्तीने हा दोष जातोच, शिवाय दोन्ही कडा आपोआप सारख्या होतात. त्यामुळे काठासाठी `--tile` ची गरजच उरत नाही. वर-खालच्या बारीक रेघा हाताने काढाव्यात. सरळ रेघ मारायला एआय कशाला? एकाच दिशेने चालणाऱ्या मोरांना मात्र ही युक्ती लागू नाही. ते एकमेकांकडे तोंड करून उभे राहतील.

इथे आमच्यासारख्या अभियांत्रिकीवाल्यांना आवडेल असा एक खड्डा आहे. 300 डीपीआयला 4 सेंटिमीटर म्हणजे 472.44 पिक्सेल. चित्र 472 पिक्सेलचे करून 20 वेळा मांडले, तर पट्टी सुमारे पाऊण मिलिमीटर आखूड पडते आणि घेर मिटतो तिथे फट दिसते. म्हणून टाइल 1024 पिक्सेलचीच ठेवावी आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिची रुंदी 4 सेंटिमीटर अशी द्यावी.

चूक छपाईआधी कशी ओळखायची?

फोटोशॉप किंवा गिंपमधील ‘ऑफसेट’ वापरून चित्र 512 पिक्सेल बाजूला सरकवा. कडांचा जोड आता चित्राच्या मधोमध येतो. तो दिसला नाही, तर कडा ठीक आहेत. एवढ्यावर थांबू नये. 20 प्रती ओळीने मांडून चित्र लहान करून, डोळे किलकिले करून पाहा. एखादाच ठिपका अधिक उजळ असेल, तर एका टाइलमध्ये तो खपून जातो. ओळीत मात्र दर चार सेंटिमीटरला लुकलुकतो.

हीच फाइल मागावर चालेल का?

नाही. मागासाठी आलेख लागतो, त्यातला प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याचा एक छेद. पैठणीची वळणे जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसतात, ती त्यामुळेच. प्रॉम्प्टमध्ये ‘पायऱ्यांच्या कडा’ मागितल्या तरी साधन पायऱ्यांचा भास देते, धाग्यांची मोजदाद देत नाही. अंगाला एक आणि दोन काठांना दोन असे तीन धोटे चालवून विणकर काठ अंगात गुंफतो. त्याला किती धाग्यांवर वळायचे, हे चित्रातून कळत नाही.

नावाचे काय?

पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. हे संरक्षण नावाला असते, नारळी काठाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आकृतीवर कुणा एकाची मक्तेदारी नसते. म्हणून मिठाईच्या बॉक्सवर नारळी आकृती छापणे वेगळे आणि छापील कापडाला ‘पैठणी’ म्हणून विकणे वेगळे. 1999 च्या मानांकन कायद्यातील कलम 22 मालाच्या नावासोबत त्याच्या सादरीकरणावरही बोट ठेवते. माल खऱ्या उगमाहून वेगळ्या प्रदेशातला असल्याची ग्राहकाची दिशाभूल झाली, तर तो भंग ठरतो. एखाद्या डिझायनरच्या नव्या साडीचा फोटो साधनाला ‘असे काढ’ म्हणून देणे ही आणखी वेगळी गोष्ट. त्या नक्षीची डिझाइन कायद्याखाली नोंदणी झालेली असू शकते आणि ते संरक्षण मुदतवाढीसह 15 वर्षांपर्यंत चालते.