वाढवलेल्या विम्याची तारीख आम्हाला सांगणार कोण?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
गच्चीबावली, हैदराबाद

महोदय,

मी याच शहरात, काचीगुड्याला राहतो. विमा कंपनीच्या तक्रार विभागाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं: ‘पॉलिसीच्या अटींनुसार.’ त्या अटी तुमच्या नियमांच्या चौकटीत बसवलेल्या असतात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

२०१८ च्या जूनमध्ये मी आई-बाबांसह सहा जणांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घेतली, पाच लाखांची. बाबांना २०१६ मध्ये स्टेंट बसवला होता. ते फॉर्मवर लिहिलं होतं. पूर्वीच्या आजाराचा चार वर्षांचा प्रतीक्षा काळ २०२२ मध्ये संपला. जून २०२४ च्या नूतनीकरणाला मी विमा रक्कम पंधरा लाख केली. फोनवरची मुलगी म्हणाली, “काका, आता तुम्ही निश्चिंत.” पहिल्या पानावर ठळक आकडा आला: १५,००,०००.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बाबांची बायपास झाली. बिल ७,८०,००० रुपये. कंपनीने पाच लाख दिले. उरलेले २,८०,००० आम्ही आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरले. कारण एकोणिसाव्या पानावर होतं: रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेपुरता पूर्वीच्या आजाराचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. म्हणजे बाबांच्या हृदयासाठी ते दहा लाख जून २०२७ पर्यंत बंद. जानेवारीत आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिचे २,४०,००० मात्र त्याच वाढीव दहा लाखांतून मिळाले, कारण अपघात हा पूर्वीचा आजार नव्हे. एका घरात, एका पॉलिसीत, पॉलिसीच्या एकाच वर्षात तीच रक्कम आईसाठी होती आणि बाबांसाठी नव्हती.

हा नियम का आहे, ते मला कळतं. आजार झाल्यावर लोक रक्कम वाढवतील आणि त्याचा भार इतरांवर पडेल, हे खरं आहे. पण मग विकत घेताना माणसाला हे सांगायलाच हवं की पहिल्या दिवशी निवडलेली रक्कम हीच म्हाताऱ्या आई-बाबांची खरी रक्कम आहे. पुढे घातलेली भर त्यांच्या जुन्या आजारांपुरती नव्या पॉलिसीसारखीच धरली जाते. स्वतंत्र सुपर टॉप-अप घेतला, तरी त्याचाही प्रतीक्षा काळ त्याच्याच पहिल्या दिवसापासून मोजतात. २०२४ मध्ये तुम्ही हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलात, वयाची अट काढलीत. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण सत्तरीच्या माणसाला तीन वर्षंही फार मोठी असतात.

हे मला २०१८ मध्ये माहीत असतं, तर मी आकडा वेगळ्या तऱ्हेने काढला असता. ज्या इस्पितळात आम्ही जाणार, तिथल्या बिलिंग काउंटरवर बायपासचा आणि गुडघ्याचा अंदाज मागितला असता, तोही ज्या वर्गाची खोली घेणार त्या खोलीचा. खोलीभाड्याला मर्यादा असली आणि आपण महाग खोली घेतली, तर डॉक्टरांची आणि शस्त्रक्रियेची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते. दोघंही एकाच वर्षी आजारी पडले तर किती लागेल, ही बेरीज केली असती. आणि आई-बाबांची पॉलिसी वेगळी ठेवली असती. एकत्र फ्लोटरमध्ये प्रीमियम बहुधा सर्वांत वयस्क माणसाच्या वयावर बेतला जातो. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, त्यामुळे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं संरक्षणही त्यांच्या वयाच्या दराला बांधलं गेलं. शिवाय त्यांच्या एका ऑपरेशनने मूळ पाच लाख संपले. मी रक्कम वाढवली नसती, तर वर्षाचे उरलेले महिने मुलीसाठी काहीच शिल्लक उरलं नसतं.

माझी मागणी एकच आहे. रक्कम वाढवण्याचे पैसे भरण्याआधी, त्याच कागदावर, प्रत्येक माणसाच्या नावापुढे दोन ओळी सक्तीच्या करा. बाबांच्या नावापुढे असं छापलं असतं: ‘५,००,०००, पूर्वीच्या आजारासह, आजपासून. आणखी १०,००,०००, पूर्वीच्या आजारासाठी जून २०२७ पासून.’ ही तारीख कंपनीच्या संगणकात असतेच. क्लेम नाकारताना ती त्यांना लगेच सापडली.

ग्राहक माहिती पत्रक तुम्ही जानेवारी २०२४ पासून नव्या रूपात सक्तीचं केलंत, म्हणजे कागद कसा असावा हे ठरवणं तुमच्या हातात आहे. जून २०२४ चा माझा कागद त्यानंतरचा होता. त्यावर पंधरा लाख होते, तारीख नव्हती. या जूनला नूतनीकरण आहे. या वेळी तारीख छापून येईल का, एवढं मला लेखी कळवा.

आपला,
काचीगुड्याचा एक पॉलिसीधारक