अनुस्वार सुटला, वेलांटी अडली

दिंडोशी या नावातला अनुस्वार ऐकू येतो, म्हणून तो १९६२ साली वाचला. त्या वर्षी राज्य शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम स्वीकारले आणि ऐकू न येणारे असे अनुस्वार काढून टाकले. पांच, दांत, कांहीं, घरांत यांचं पाच, दात, काही, घरात झालं. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. आपण आज लिहितो ते या अठरा नियमांनी.

त्या टिंबांना काही काम नव्हतं असं नाही. 'दांत' बघितला की मागचा 'दंत' दिसायचा. 'तीं मुलें' आणि 'ती मुलगी' यांतला फरक डोळ्यांनी कळायचा, माणसाचं नांव आणि पाण्यातली नाव वेगळी राहायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी लेखन सोपं करायला घेतलं, तेव्हा खुद्द टिळकांनी 'केसरी'तून त्यांचा समाचार घेतला. त्यानंतर निम्मं शतक हा वाद धुमसत राहिला.

तरीही सुधारणा टिकली, कारण तिने कुणाला नवं काही शिकायला लावलं नाही. होतं त्यातलंच गाळायला सांगितलं. शिवाय १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली आणि पहिलीच्या पुस्तकापासून मुलांना टिंबाविना शब्द दिसू लागले. आजोबा पत्रात 'कांहीं' लिहीत राहिले, त्यांना कुणी दंड केला नाही. नातवंडांनी ते टिंब शिकलंच नाही, एवढ्यावर काम झालं. मात्र 'ऐकू येत नाही' हे पुण्या-मुंबईच्या कानांनी ठरवलं होतं. तळकोकणात नाकातला उच्चार अजून जिवंत आहे आणि गोव्याची कोंकणी आजही 'हांव', 'मांय' लिहिते.

याच्या उलट सावरकरांच्या 'अ'च्या बाराखडीचं झालं. आ, ओ, औ हे 'अ'लाच काना-मात्रा देऊन होतात, मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ वेगळे कशाला? अि, अी, अु, अू, अे, अै लिहा. तर्कात खोट काढता येत नाही. 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत वापरून पाहिली, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनेही. पण देवनागरी जुळवायला छापखान्यात शेकडो खिळे लागत. त्यांतले स्वरांचे सहा वाचवायचे आणि त्यापायी 'एक', 'इथे', 'उद्या' या रोजच्या शब्दांचे चेहरे बदलायचे, हा सौदा वाचणाऱ्याला आतबट्ट्याचा वाटला. पुढे खिळेच गेले.

सगळ्यात गमतीदार आहे ती अर्धवट लागू झालेली सुधारणा. मराठी माणूस शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घच उच्चारतो, म्हणून नियमाने कवि, शक्ति, गुरु यांचं कवी, शक्ती, गुरू केलं. इथवर उच्चार जिंकला. पण समासात पहिल्या पदाला संस्कृतची ऱ्हस्व वेलांटी परत द्यायची: कवी, पण कविसंमेलन, शक्ती, पण शक्तिपीठ. 'आणि' पुन्हा अपवाद. आतल्या अक्षरांचं तर विचारूच नका. 'गरीब' दीर्घ आणि 'गणित' ऱ्हस्व, कारण दुसरा शब्द जसाच्या तसा संस्कृतातून आला आहे. जिभेवर दोन्ही सारखेच. म्हणजे चौथीतल्या मुलाने लिहिण्याआधी शब्दाचं कूळ विचारायचं. ज्याच्या घरी संस्कृत कधी शिरलंच नाही त्याचे गुण इथे कापले जातात, आणि आपण त्याला शुद्धलेखन म्हणतो.

आमच्या दिंडोशीत या नियमाची खरी परीक्षा पाटीवर होते. दुकानाची पाटी मराठीत हवी असा कायदा आहे, पण रंगवणाऱ्याचा हात बहुतेक वेळा हिंदीवर बसलेला. हिंदीत 'शक्ति' आणि 'गुरु' ऱ्हस्वच, त्यामुळे पाटीवर तेच येतं आणि मराठी गिऱ्हाइकाला त्यात काही खटकत नाही. शिवाय एखाद्याच्या आधार कार्डावर, सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर 'रवि' असेल, तर ती वेलांटी बदलायला तो कशाला जाईल? एका कागदावर बदलली की बाकीचे कागद जुळत नाहीत. हा खर्च नियम करणाऱ्याला नसतो.

दरम्यान, हाकललेलं टिंब दुसऱ्या दाराने परत आलं आहे. 'केले', 'असे' यांना बोलताना आपण 'केलं', 'असं' म्हणतो. नियमाने ही रूपं पात्रांच्या तोंडी घालायला परवानगी दिली, बाकी गंभीर लेखन 'केले'तच. पण कादंबऱ्या, सदरं आणि मोबाइलवरचे निरोप यांनी ते कुंपण कधीच ओलांडलं. त्यासाठी ना समिती बसली, ना शासन निर्णय निघाला. हा लेखही तसाच आहे. सोसायटीच्या फळ्यावर मात्र मी अजून 'उद्या पाणी बंद राहील असे कळविण्यात आले आहे' असंच लिहितो. 'आलं आहे' लिहिलं तर पाणी खरंच बंद राहील यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.