नमुने शंभर टक्के, तरी बियाणं उगवलं नाही! कृषी विभागाच्या 'लक्ष्यांका'चं गणित नेमकं कुठे चुकतं?

दरवर्षी मे महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांत खरीप आढावा बैठका होतात. पडद्यावर तक्ते दाखवले जातात. बियाण्यांचे इतके नमुने काढायचे होते, इतके काढले. खताचे इतके, कीटकनाशकांचे इतके. रकाना हिरवा असेल तर टेबल पुढे सरकतं. लाल असेल तर त्या तालुक्याच्या अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. जूनच्या शेवटी मात्र अनेक गावांतून एकच ओरड ऐकू येते की सोयाबीन उगवलंच नाही. तक्ता हिरवा आणि शेत मोकळं, असं एकाच वेळी कसं होऊ शकतं?

याचं उत्तर शोधायचं तर लक्ष्यांक देऊन काम करून घ्यायची पद्धत आधी पाहावी लागते. पीटर ड्रकर या व्यवस्थापन अभ्यासकाने १९५४ मध्ये ती पुस्तकात मांडली. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांनी मिळून वर्षाची उद्दिष्टं ठरवायची आणि वर्षाच्या शेवटी त्यावरून काम जोखायचं, असा तिचा गाभा. कारखान्यांना ती मानवली, मग सरकारांनीही उचलली. केंद्र सरकारने २००९ पासून काही वर्षं प्रत्येक खात्याकडून उद्दिष्टांचा कागद लिहून घेतला. कोणत्या कामाला किती गुण, किती टक्के झालं की 'उत्कृष्ट' आणि किती झालं की 'खराब', हे त्यात ठरलेलं असे. आपल्या राज्यात २०२५ मध्ये शंभर दिवसांचा आणि नंतर दीडशे दिवसांचा कार्यक्रम झाला, तोही याच जातीचा.

शेततळी किती झाली, ठिबकचे अर्ज किती मंजूर झाले, अनुदान किती खात्यांवर जमा झालं, हे मोजता येतं आणि मोजावंच. शेततळं खणलं की दिसतं. पण कृषी विभागाचं दुसरं एक काम आहे, गुणवत्ता नियंत्रण. म्हणजे दुकानात निकृष्ट माल येऊ न देणं. हे काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. जे घडलंच नाही त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार? मग जे हाताला लागतं तेच मोजलं जातं, आणि ते म्हणजे नमुने.

एका नमुन्याचा प्रवास

बियाणे कायदा १९६६ चा. त्यानुसार निरीक्षक दुकानदाराला लेखी सूचना देतो आणि लॉटमधून नमुना काढून त्याचे तीन भाग करतो. तिन्ही भाग सीलबंद होतात. एक दुकानदाराकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो आणि तिसरा कोर्टासाठी राखून ठेवला जातो. प्रयोगशाळेत सोयाबीनचे चारशे दाणे उगवायला ठेवतात आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी करतात. शंभरातले किमान सत्तर नीट उगवले पाहिजेत. त्याखाली आलं तर नमुना अप्रमाणित.

आता तारखा लावून बघा. समजा एका कृषी सेवा केंद्रात सोयाबीनच्या एका लॉटच्या दोनशे पिशव्या आल्या. १० जूनला निरीक्षकाने नमुना काढला. पाकीट प्रयोगशाळेत पोचायला चार दिवस गेले. हंगामाचे दिवस, तिथे जिल्हाभरातल्या नमुन्यांची रांग. नंबर लागायला आठवडा, तपासणीला आठ दिवस, अहवाल लिहून परत यायला आणखी काही दिवस. ५ जुलैला अहवाल हातात आला की उगवण फक्त ५२ टक्के. निरीक्षक दुकानात गेला तेव्हा दोनशेपैकी बारा पिशव्या शिल्लक होत्या. त्या बारांवर विक्री बंद आदेश निघाला. बाकीच्या एकशे अठ्ठ्याऐंशी जमिनीत गेल्या होत्या.

तक्त्यावर याची नोंद अशी पडते: नमुना एक, अप्रमाणित एक, विक्री बंद आदेश एक, कोर्ट केस प्रस्तावित. चारही रकाने भरले. कामात कोणी कसूर केली असंही म्हणता येत नाही, कारण जे सांगितलं होतं ते झालं. फक्त ज्यासाठी सांगितलं होतं ते झालं नाही.

यावर कायद्यात तोड नाही असं नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर निरीक्षक लेखी आदेशाने तो साठा जास्तीत जास्त तीस दिवस रोखू शकतो. पण पेरणीचे दिवस ते किती? वीस दिवस साठा अडवला आणि माल चांगला निघाला, तर दुकानदाराचा हंगाम बुडाला आणि गावात बियाण्याची टंचाई झाली. अशा वेळी फोन कोणाचे येतात, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. धोका पत्करायचा तो निरीक्षकाने एकट्याने. आणि रोखलेल्या साठ्याला लक्ष्यांकात गुण नाहीत.

तीन निरीक्षक, एकच तालुका

खरी गंमत पुढे आहे. समजा एका तालुक्यात बियाण्याचे शंभर लॉट आले आणि त्यातले दहा खराब आहेत. निरीक्षकाला पन्नास नमुन्यांचा लक्ष्यांक आहे.

पहिला निरीक्षक चिठ्ठ्या टाकून पन्नास लॉट निवडतो. साधारण पाच खराब निघतात, म्हणजे दहा टक्के. दुसरा डांबरी रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांतून, नावाजलेल्या कंपन्यांचे नमुने दोन-तीन दिवसांत उरकतो. पन्नासपैकी एक खराब निघतो. तिसरा शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकतो, आडगावच्या दुकानात जातो, जुन्या तारखेचं लेबल बदललेलं दिसलं तिथे थांबतो. पंचनाम्यात त्याचे दिवसच्या दिवस जातात. वर्षात त्याचे नमुने होतात फक्त बारा, पण त्यातले सहा खराब निघतात.

तक्ता काय म्हणतो? पहिला आणि दुसरा शंभर टक्के. तिसरा चोवीस टक्के, त्याला खुलासा मागा. शिवाय दुसऱ्याच्या तालुक्यात खराब मालाचं प्रमाण सगळ्यात कमी दिसतं, म्हणून त्याचं कौतुक वेगळं. जास्त खराब लॉट पकडणारा तिसरा, आणि नोटीस त्यालाच.

इथे अप्रमाणित नमुन्यांच्या टक्केवारीचाही घोळ लक्षात येतो. गेल्या वर्षी आठ टक्के होती, यंदा तीनवर आली, म्हणजे बाजार सुधारला का? की नमुने सोप्या दुकानांतून काढले? नुसत्या आकड्यावरून हे कोणालाच सांगता येणार नाही. चिठ्ठी टाकून काढलेले नमुने बाजाराची तब्येत सांगतात; संशयावरून काढलेले नमुने चोर पकडतात. दोन्ही लागतात. पण दोन्ही एकाच रकान्यात टाकले की त्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. हे रकाने वेगळे करायला खर्च काहीच नाही, तरी ते करायला सांगणारा कोणी लागतो.

मग नमुन्यांऐवजी कारवायांचाच लक्ष्यांक द्या, असं काही जण म्हणतात. ते आणखी धोक्याचं. अमुक इतक्या कारवाया झाल्याच पाहिजेत म्हटलं की सगळ्यात सोपी शिकार शोधली जाते. भावफलक लावला नाही, साठा रजिस्टर अपुरं आहे, बिलावर सही नाही, अशा चुका कुठल्याही लहान दुकानात सापडतात. कंपनीने सीलबंद केलेली पिशवी विकणारा दुकानदार सापडतो, पिशवी भरणारा लांब राहतो. कोर्टात गेलं तरी बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे जास्तीत जास्त पाचशे रुपये. १९६६ साली त्या रकमेला वजन होतं. आज त्यात बियाण्याची एक पिशवीसुद्धा येत नाही.

आणि काही माल तर दुकानात येतच नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या वाणाला देशात लागवडीची परवानगी नाही, तरी पाकिटं बिनबिलाची गाडीतून येतात आणि घरातून विकली जातात. परवानाधारक दुकानांतून शंभर टक्के नमुने काढले तरी ते पाकीट त्यात येणार नाही. त्यासाठी खबर लागते, रात्री पाळत लागते, पोलीस सोबत लागतात. महिनाभर पाळत ठेवून एक गोदाम धरलं तर तक्त्यावर एकच आकडा वाढतो.

उद्या कोणी म्हणेल, नमुने नको, शेतात उगवण किती झाली तेच मोजा. २०२० च्या खरिपाने त्यातली अडचण दाखवून दिली. मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण कारण एक नव्हतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि बियाण्याचा माल भिजला. सोयाबीनचं टरफल पातळ, मळणीत आणि चढउतारात मार बसला तरी उगवण घटते. शिवाय पुरेशी ओल नसताना पेरलं, खोल पेरलं, वर पापडी धरली तरी दाणा वर येत नाही. यातला निरीक्षकाचा वाटा किती, कंपनीचा किती, पावसाचा किती? तो वेगळा काढल्याशिवाय त्यावरून कोणाचं प्रगतिपुस्तक भरणं अन्यायाचं होईल.

याचा अर्थ लक्ष्यांकच नको असा नाही. आकडा नसेल तर काम न करणारा बिनधास्त बसून राहतो, हेही तालुक्याने पाहिलेलं आहे. प्रश्न कोणता आकडा मागायचा, हा आहे. नमुना काढल्यापासून अहवाल येईपर्यंत किती दिवस लागले, हा एक. अप्रमाणित निघालेल्या लॉटमधल्या किती पिशव्या विकल्या जाण्याआधी थांबवल्या, हा दुसरा. वरच्या उदाहरणात तो दोनशेपैकी बारा, म्हणजे सहा टक्के आहे. निरीक्षकाने कागदी नमुने वाढवून हा आकडा सुधारत नाही. त्यासाठी नमुने मे महिन्यातच, माल तालुक्यात उतरताना काढावे लागतात, आणि प्रयोगशाळेत माणसं भरावी लागतात. म्हणजे दोष निरीक्षकावर न राहता वरच्या कार्यालयाकडेही बोट जातं. हे रकाने आढावा बैठकीच्या तक्त्यात क्वचितच दिसतात, त्याचं एक कारण हे असू शकतं.

शेतकऱ्याच्या हातातला पुरावा मात्र या तक्त्यांच्या बाहेरचा आहे. पक्कं बिल, पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि लॉट नंबर, शिवाय मूठभर बियाणं बाजूला काढून ठेवलेलं. उगवण कमी दिसली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी; समितीने शेत मोडण्याआधी येऊन पंचनामा करायला हवा. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाता येतं. सगळं बियाणं पेरून टाकलं, तपासणीला शिल्लक ठेवलं नाही, एवढ्यावरून शेतकऱ्याची तक्रार फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि त्याच लॉटचा नमुना अप्रमाणित निघाला होता का, कधी निघाला, त्या दिवशी दुकानात किती पिशव्या शिल्लक होत्या, हे माहिती अधिकाराच्या अर्जात विचारता येतं.