एकमजली घराच्या गच्चीवर हार्नेस पुरेसा आहे का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याच्या कामाला वेग आला. धाराशिव जिल्ह्यातील कामगारांसाठी यात एक वेगळा प्रश्न दडलेला आहे. इथली खेड्यांतील घरे बहुतेक बैठी, एकमजली आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात वसवलेल्या गावांतही तेच चित्र दिसते. ‘एवढ्याशा उंचीवर कसली भीती? आणि हार्नेस आहेच की,’ असे म्हटले जाते. पण हार्नेसचा दोर नेमका याच उंचीवर दगा देतो.

गणित साधे आहे. समजा, स्लॅब जमिनीपासून साडेतीन मीटर उंच आहे आणि कामगाराने नेहमीचा १.८ मीटरचा दोर स्लॅबच्या कडेलाच, पायाच्या पातळीवर बांधला आहे. तोल गेला की दोर ताणला जाईपर्यंत त्याची पाठ कडेपासून १.८ मीटर खाली जाते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत सुमारे दीड मीटर अंतर असते. म्हणजे दोर ताणला जाईल तेव्हाच पाय ३.३ मीटर खाली, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतात. हिसका सौम्य करणारी दोरातील घडीची पट्टी तर त्यानंतर उलगडू लागते आणि ती पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकते. थोडी जागा राखून हिशेब केला, तर असा दोर बांधलेल्या जागेखाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा हवी. बैठ्या घराला ती मिळत नाही. कामगार हार्नेस घालूनही जमिनीवर आदळतो.

म्हणून अशा छतावर पडणाऱ्याला झेलण्यापेक्षा पडूच न देणे हा खरा उपाय आहे. पहिला मार्ग कठड्याचा. कामाच्या बाजूला साधारण एक मीटर उंचीवर एक आडवा पाइप, त्याखाली मध्यावर दुसरा आणि स्लॅबलगत एक फळी लावावी. माणूस अंगभर रेलला तरी कठडा हलता कामा नये. गच्चीची फूटभर उंचीची भिंत कठड्याची जागा घेऊ शकत नाही. उलट तिला पाय अडखळून माणूस बाहेर फेकला जातो.

दुसरा मार्ग आखूड दोराचा. स्लॅबच्या मधोमध आधार घेऊन दोर इतका आखूड ठेवायचा की कामगार कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही. कड तीन मीटरवर असेल, तर दोन मीटरचा दोर पुरे. कडेलगतच काम असेल, तिथे मात्र कठडाच हवा.

आधार कशाचा घ्यावा, हेही आधी ठरवावे. घडीची पट्टी हिसका सुमारे सहाशे किलो वजनाइतक्या ताणापर्यंत रोखते. त्यामुळे झेलण्यासाठी वापरायचा आधार त्याच्या दुपटीचा, म्हणजे बाराशे किलोंचा भार सोसणारा असावा. पाण्याच्या टाकीचा पाइप, अर्ध्या विटेची भिंत, पत्र्याचे हुक किंवा नुकताच उभा केलेला पॅनेलचा सांगाडा या भाराला टिकेलच याची खात्री नसते. आधार काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबात योग्य बोल्टने बसवलेला असावा.

गोदामासारख्या आठ-नऊ मीटर उंच छतावर हार्नेस माणसाला झेलतो, पण तिथे दुसरा धोका सुरू होतो. निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांचे स्नायू काम करत नाहीत. रक्त पायांत साचते, हृदयाकडे कमी परतते आणि काही मिनिटांतच घाम, मळमळ, भोवळ येऊ शकते. बेशुद्धावस्थेत तसेच लटकत राहिल्यास जीव जाऊ शकतो. तालुक्याहून मदत पोहोचण्याची वाट पाहणे परवडत नाही. शिडी किंवा उतरवण्याचा दोर कामाच्या जागीच हवा आणि तो वापरणारा दुसरा माणूस खाली हजर हवा. हार्नेसला पाय टेकवायचे पट्टे असतील, तर त्यांवर उभे राहून लटकलेल्याने आळीपाळीने पाय दाबत राहावे.

खाली उतरवल्यावर त्याला आडवे झोपवावे. लगेच आडवे केल्यास हृदय बंद पडते, हा समज अजूनही ऐकू येतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००९ मध्ये पुरावे तपासले, तेव्हा त्याला आधार सापडला नाही. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ ला कळवावे. जमिनीवर पडलेल्याला हातपाय धरून उचलू नये. मणक्याला इजा असेल, तर मान व पाठ वाकल्याने पांगळेपण येऊ शकते. बराच वेळ लटकलेला माणूस ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण दबलेल्या स्नायूंतील द्रव्यांचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम काही तासांनी दिसतो.

पॅनेल बसवून घेणाऱ्या घरमालकाने काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कठडा कुठे लागणार, दोर कशाला बांधणार आणि कोणी लटकला तर त्याला खाली कोण, कशाने उतरवणार? तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर काम सुरू होऊ देऊ नये.