राजमा: पाण्याचे काम वेगळे, आचेचे काम वेगळे

कडधान्याच्या वाणाची शिफारस करताना आपण बियाण्याचा दर, पेरणीची तारीख, भुंगेऱ्याचा बंदोबस्त आणि साठवणीतील ओलावा इथपर्यंत सारे सांगतो. ते धान्य चुलीवर चढते तेथे मात्र आपली शिफारस संपते. राजम्याच्या बाबतीत हे अपुरे आहे, असे माझे मत आहे. चंदीगडच्या विमानतळालगत असलेल्या एयरोसिटीसारख्या वसाहतीत राजमा-चावल हे नित्याचे जेवण आहे. साताऱ्याच्या कोरेगाव भागात भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हाही त्याच जातीचा, म्हणजे फॅसिओलस व्हल्गॅरिसचा दाणा आहे. दोन्हीकडे एकच तक्रार ऐकू येते: 'आम्हाला राजमा पचत नाही.' या एका वाक्यात दोन निरनिराळे त्रास दडलेले असतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

पहिला त्रास वायूचा. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बॅस्कोज या शर्करा असतात. त्या फोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जीवाणू त्यांना आंबवून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. पोट फुगते ते जेवणानंतर काही तासांनी. या शर्करा शिजवल्याने फारशा नष्ट होत नाहीत; परंतु त्या पाण्यात विरघळतात. म्हणून त्यांच्यावरचा उपाय भिजवणे आणि ते पाणी फेकून देणे हा आहे. भिजवलेल्या पाण्यातच राजमा शिजवला, तर बाहेर पडलेल्या शर्करा पुन्हा त्याच पातेल्यात राहतात.

दुसरा त्रास लेक्टिनचा. राजम्यातील फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटते. कच्चे किंवा अर्धकच्चे चार-पाच दाणेही पुरेसे ठरू शकतात. खाल्ल्यापासून साधारण एक ते तीन तासांत मळमळ, जोराची उलटी आणि नंतर जुलाब सुरू होतात. बहुतेकांना काही तासांत उतार पडतो. लाल राजम्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. पांढऱ्यात कमी असते, पण नगण्य नसते. हे प्रथिन केवळ भिजवून जात नाही. ते ओल्या, उकळत्या उष्णतेनेच मोडते. मूग, मसूर, तूर यांत हा धोका राजम्याच्या तुलनेने फारच थोडा आहे. म्हणून 'लेक्टिन आहे, सबब सर्व कडधान्ये सोडा' हा अलीकडे पसरलेला सल्ला मला शास्त्राला धरून वाटत नाही.

कीटकशास्त्राच्या बाजूने पाहिले, तर राजम्याचा दाणा असा का आहे हे उमगते. चवळीवर वाढणारा भुंगेरा राजम्याच्या दाण्यात वाढू शकत नाही. 1976 मध्ये डॅनियल जॅन्झेन आणि सहकाऱ्यांनी याचे श्रेय लेक्टिनला दिले होते. पुढे प्रथिने अधिक शुद्ध करून तपासल्यावर खरा अडथळा अमायलेज-रोधक प्रथिनाचा असल्याचे दिसले. ते किडीला स्टार्च पचवू देत नाही. हेच प्रथिन कच्चे राहिले तर आपल्या पचनातही अडथळा आणते आणि न पचलेला स्टार्च पुन्हा वायूलाच खाद्य पुरवतो. दाण्याचे हे कवच शेतात आणि कोठारात उपयोगी आहे. पैदाशीने ते काढून टाकण्यापेक्षा ते स्वयंपाकघरात मोडणे अधिक शहाणपणाचे, असे मला वाटते.

आता कृती. दोनशे ग्रॅम राजमा निवडून एक लिटर पाण्यात आठ ते दहा तास भिजवावा. उन्हाळ्यात चंदीगड असो वा विदर्भ, पाणी आंबू लागते. तेव्हा भांडे शीतकपाटात ठेवावे किंवा मधे पाणी बदलावे. दाणे फुगून वजन सुमारे दुप्पट होते. न फुगलेले गणंग याच वेळी वेचून काढावेत, कारण बाकीचे दाणे शिजले तरी ते आतून कच्चे राहतात. पाणी ओतून द्यावे, दाणे दोनदा धुवावेत आणि दोन बोटे वर येईल इतके नवे पाणी घालावे. कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. उघड्यावर उकळी आणून फेस काढून टाकला, तर वाफेची वाट तुंबत नाही. मग झाकण लावून पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे आणि दाब आपोआप उतरू द्यावा. आत सुमारे 120 अंश तापमान होते. लेक्टिनसाठी ते पुरेसे आहे. शिट्ट्या मोजण्याऐवजी वेळ मोजावी, कारण शिट्टी किती वेळाने होते हे आच आणि पाणी यांवर ठरते. चिंच, टोमॅटो, कोकम ही आंबट द्रव्ये दाणे मऊ झाल्यावरच घालावीत; आधी घातली तर दाणा मऊ होण्यास फार वेळ लागतो.

परीक्षा सोपी आहे. वेगवेगळ्या थरांतील पाच दाणे बोटांनी दाबावेत. पाचही सारखे मऊ दबले आणि मध्ये कडक किंवा पिठूळ गाभा लागला नाही, तर राजमा शिजला. एकही अडला, तर सगळा पुन्हा कुकरमध्ये जावा. जुना, उष्ण व दमट जागी साठवलेला राजमा अधिक वेळ घेतो. त्याला पंधरा मिनिटांचा नियम लावू नये.

चूक होते ती बहुधा कमी आचेवर. विजेच्या मंद शेगडीत किंवा ढगाळ दिवशी सौरचुलीत पाणी 75–80 अंशांवरच राहते. तेथे दाणा मऊ होतो, पण लेक्टिन टिकते, किंबहुना त्याचा प्रभाव कच्च्याहून वाढू शकतो. आपण सौरचुलीचा प्रसार करतो, तेव्हा राजमा आधी दहा मिनिटे खळखळून उकळून मगच त्यात ठेवावा हे सांगितलेच पाहिजे. कोरडी आचही पुरेशी नाही. 2006 मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पाहून लोकांनी पांढरा राजमा दोन-तीन मिनिटे भाजून त्याची पूड भातावर घेतली आणि शेकडो जणांना उलट्या-जुलाब झाले. मोड आणल्याने वायूच्या शर्करा कमी होतात, पण लेक्टिन उरते. मटकीप्रमाणे मोड आलेला राजमा कच्चा खाऊ नये.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाणी फेकण्यात काही फोलेट आणि पोटॅशियम जाते. संवेदनशील पचनाच्या माणसाने हा तोटा स्वीकारावा. एवढे करूनही वायू शून्य होत नाही. अशांनी अर्धी वाटीपासून सुरुवात करावी. जेवणानंतर तासा-दोन तासांत उलटी झाली, तर तो वायूचा प्रश्न नव्हे. आधी शिजवणे तपासावे आणि त्रास न थांबल्यास वैद्यांकडे जावे.

माझी सूचना अशी: राजम्याच्या प्रात्यक्षिक पत्रकावर आणि शेतकरी कंपन्यांच्या पिशवीवर चार ओळी छापाव्यात. आठ तास भिजवा. ते पाणी टाका. नव्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण दाबावर पंधरा ते वीस मिनिटे शिजवा. पाच दाणे दाबून पाहा. त्याला छपाईचा खर्च नगण्य आहे, आणि 'पचत नाही' म्हणून दुरावलेला ग्राहक त्यातून परत येऊ शकतो.