साध्या सीटीवर स्टेज ठरत नाही

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयात या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. गावाकडे रुग्णाचा साधा, बिनकॉन्ट्रास्टचा सीटी काढला जातो. पुढे एमआरआय किंवा पेट-सीटीची मंजुरी मागितली, की ‘इमेजिंग झालेले आहे’ असा शेरा मारून फाइल परत येते. हा शेरा मारणाऱ्याने तो सीटी एकदा तरी उघडून पाहिला आहे का?

गर्भाशयमुखाचा कर्करोग घ्या. समजा, कन्नडहून पंचेचाळिशीची बाई येते. बायोप्सीत स्क्वॅमस कार्सिनोमा, आणि सोबत साध्या सीटीचा रिपोर्ट: सर्व्हिक्स जाडसर, ठळक नोड नाहीत. यावरून स्टेज ठरत नाही. आयोडीन दिलेले नसले की गाठ आणि शेजारचा भाग सारखाच करडा दिसतो, नोड कुठला आणि शीर कुठली हेही खात्रीने सांगता येत नाही. कॉन्ट्रास्ट दिला असता, तर सुमारे 70 सेकंदांनी उजळलेल्या यकृतात मेटास्टॅसिस काळपट उठून दिसला असता.

तिच्या एमआरआयमध्ये टी-2 वर स्ट्रोमाची काळी कड तुटलेली दिसते आणि गाठ पॅरामेट्रियममध्ये शिरलेली. म्हणजे किमान 2बी. शस्त्रक्रिया बाजूला, केमोरेडिएशन पुढे. यासाठी गॅडोलिनियम लागतेच असे नाही, बहुतेक वेळा टी-2 आणि डिफ्यूजनवर काम भागते. त्यामुळे युरेटर दबून क्रिएटिनिन चढले म्हणून एमआरआयच रद्द करणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

मग पेट. पॅरा-एऑर्टिक भागात 7 मिमीचा नोड एफडीजी घेतो. आकारावरून सीटीने आणि एमआरआयने त्याला सोडून दिले असते, कारण तो 10 मिमीच्या आत आहे. तो खरोखर कर्करोगाचा असेल, तर फिगोच्या 2018च्या वर्गीकरणात ही बाई 3सी2 ठरते आणि रेडिएशनचे फील्ड वर वाढवावे लागते. ‘असेल तर’ म्हणायचे कारण, क्षयाचा नोडही असाच चमकतो. आपल्या भागात शंका असेल आणि सुई पोहोचत असेल, तर नमुना घेतल्याशिवाय फील्ड वाढवू नये. उलट बाजूने, नोडमधला अगदी बारीक प्रसार पेटलाही दिसत नाही.

तीन तपासण्या, तीन वेगळे प्रश्न. मंजुरीच्या टेबलावर मात्र त्या एकच!

पण चिठ्ठीवर नुसते ‘सीटी ॲबडोमेन’ लिहून मोकळे होणारे आपल्यातच आहेत. मित्रहो, यापुढे चिठ्ठीवर प्रश्न लिहा: पॅरामेट्रियम, नोड की यकृत? ताजे क्रिएटिनिन, मेटफॉर्मिन आणि कॉन्ट्रास्टची आधीची रिॲक्शन नोंदवा. आधीचा सीटी का पुरत नाही, ते मंजुरीच्या अर्जात एका ओळीत मांडा. तरीही फाइल परत आली, तर रुग्णाचे नाव खोडून नकारपत्राची प्रत 25 तारखेच्या आत आमच्याकडे पाठवा. साऱ्या प्रती एकत्र करून आम्ही आरोग्य विभागापुढे ठेवणार आहोत.